कविता गेली, प्रश्न उरला

शाळेच्या गटावर कुणीतरी कवितेचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'या कवितेची मध्यवर्ती कल्पना सांगा, अलंकार ओळखा.' थोड्या दिवसांनी फोटो उघडत नाही. मोबाइल बदललेला असतो, मूळ फाइल पुसलेली असते. प्रश्न मात्र तिथेच राहतो आणि पुढे पुढे पाठवलाही जातो. जुन्या प्रश्नसंचांतही असेच दिसते. वरची कविता कापलेली असते आणि खाली 'वरील कवितेच्या आधारे उत्तरे लिहा' एवढे शिल्लक असते. याहून मोठी अडचण अशी, की या प्रश्नाला लोक उत्तरेही देतात. कविता समोर नसताना मध्यवर्ती कल्पना लिहिली जाते, अलंकारांची यादी दिली जाते आणि ती कुणीतरी वहीत उतरवून घेतो.

कविता नसताना तिच्याबद्दल किती सांगता येते, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. काही गोष्टी खरोखरच सांगता येतात. काही सांगता येतील असे वाटते, पण येत नाहीत. ही सीमा कुठून जाते ते आपल्या काव्यशास्त्रात हजारएक वर्षांपूर्वीच बारकाईने पाहिले गेले आहे. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या कुणाची कविता घेण्याऐवजी या लेखासाठीच मी बारा ओळी रचल्या आहेत. त्या लगेच दाखवणार नाही. आधी फक्त प्रश्न पाहू, कारण फोटो गेल्यावर आपल्या हाती तेवढेच असतात.

कवितेचे नाव 'विहीर'. प्रश्न पाच आहेत. विहीर सायंकाळी कशाची वाट पाहते? दगडावरच्या खुणांना कवीने कशाची उपमा दिली आहे? कवितेतील यमक जुळणाऱ्या शब्दांच्या जोड्या लिहा. कवितेची मध्यवर्ती कल्पना तुमच्या शब्दांत सांगा. कवितेतील कोणतेही दोन अलंकार उदाहरणांसह लिहा.

आता यावरून काय कळते? कवितेत विहीर आहे आणि ती वाट पाहते. म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखे वागवले आहे, तेव्हा चेतनागुणोक्ती अलंकार असण्याची शक्यता बरीच आहे. जोड्या विचारल्या आहेत, म्हणजे ओळींच्या शेवटी यमक जुळते, कविता मुक्तछंदात नाही. खुणांना उपमा दिली आहे, म्हणजे उपमा अलंकार. मध्यवर्ती कल्पनेचे काय? महाराष्ट्रात विहीर, वाट पाहणे आणि दगडावरच्या खुणा हे तीन शब्द एकत्र आले की मनात दुष्काळ उभा राहतो. विहीर आटली आहे, ती पावसाची वाट पाहते आहे, तळ उघडा पडून दगडावर पाण्याच्या खुणा दिसत आहेत. उत्तर तयार होते : 'पाणीटंचाईने होरपळलेल्या गावाची व्यथा कवीने विहिरीच्या रूपातून मांडली आहे. पाणी जपून वापरावे असा संदेश कविता देते.' हे उत्तर वाचायला चांगले आहे आणि कदाचित दोन गुणही मिळतील. आता कविता पाहा.

काठावरती कुणी न येते,
तुडुंब भरले तरिही पाणी;
नळ घरोघरी गात राहिले,
गाव विसरले तिची कहाणी.

दगडावरच्या दोरखुणा या
जणु घट्ट्यांनी भरले हात;
दोर कुजूनी गेला तरिही
ओढ राहिली आतुन आत.

सांजेला ती वाट पाहते
कळशीमधल्या त्या नादाची;
चांदणेच मग उतरुन येते
तहान घेउन आकाशाची.

विहीर आटलेली नाही, तुडुंब भरलेली आहे. खुणा पाण्याच्या नाहीत, वर्षानुवर्षे पोहरे ओढताना दोराने काठाच्या दगडात पाडलेल्या आहेत. ती पावसाची वाट पाहत नाही, कळशीच्या नादाची पाहते. गावात टंचाई नाही, घरोघरी नळ आले आहेत. आपण लिहिलेली मध्यवर्ती कल्पना चुकलीच, पण ती नेमकी उलट्या दिशेने चुकली. तिथे पाणी नाही म्हणून दुःख होते. इथे पाणी आहे, घेणारे कुणी नाही.

ही चूक कशामुळे होते ते पाहण्यासारखे आहे. नावावरून आणि दोन-चार शब्दांवरून आपल्याला कळतो तो कवितेचा विषय. विषय म्हणजे कविता कशाबद्दल आहे ते, आणि इथे तो विहीर. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल कवितेला काय म्हणायचे आहे. ती नावात नसते. ती बहुधा एखाद्या वळणात असते, आणि ते वळण पुष्कळदा फार लहान शब्दावर घेतलेले असते. या कवितेत तो शब्द 'तरिही' आहे. तो दोनदा आला आहे. पाणी भरले आहे, तरीही कुणी येत नाही. दोर कुजला आहे, तरीही ओढ आहे. कविता याच दोन 'तरीही'ंमध्ये उभी आहे. आता एखाद्याने ही कविता वाचून तुम्हाला सांगितली, की 'जुन्या विहिरीवर आता कुणी जात नाही, दोरही कुजला आहे, अशी कविता आहे', तर त्याने एकही खोटा शब्द सांगितला नाही. पण 'तरीही' गळला आणि कविता निव्वळ पडक्या विहिरीचे वर्णन होऊन बसली.

नावावर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. मराठीत एकाच नावाच्या कविता पुष्कळ आहेत. 'आई' नावाची कविता यशवंतांची आहे आणि फ. मुं. शिंदे यांचीही आहे. दोन्ही पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचल्या. यशवंतांच्या कवितेत आईला पारखे झालेल्या लेकराचे दुःख आहे. 'आई कवितेतील मध्यवर्ती कल्पना सांगा' असे कुणी नुसते विचारले, तर कोणती आई, हे आधी विचारावे लागते. 'पाऊस' किंवा 'झाड' असे नाव असेल तर शोध आणखीच लांबतो.

तरीही मध्यवर्ती कल्पनेच्या बाबतीत एक सोय आहे. कविता ज्याने नीट वाचली आहे, त्याला ती पुस्तक मिटूनही सांगता येते. आपल्या परीक्षाही हे धरून चालतात. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत एका कृतीत कवितेचे फक्त नाव देतात आणि कवी, कवितेचा विषय, तिच्यातून मिळणारा संदेश असे मुद्दे विचारतात. मूळ कविता तिथे छापलेली नसते. रसग्रहणाची कृती आली की मात्र ओळी छापलेल्या असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये ही तिन्ही अंगे त्या ओळींवर बोट ठेवूनच लिहायची असतात. एकाच प्रश्नपत्रिकेत केलेला हा फरक मला फार योग्य वाटतो. आशय आठवणीत राहू शकतो. अलंकार मात्र शब्द डोळ्यांसमोर असल्याशिवाय दाखवता येत नाही.

दाखवता का येत नाही, याचे उत्तर मम्मटाकडे आहे. मम्मट हा अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित. त्याच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात दहा उल्लास म्हणजे प्रकरणे आहेत. नवव्यात शब्दालंकार आणि दहाव्यात अर्थालंकार येतात. अमुक अलंकार शब्दाचा की अर्थाचा हे ठरवण्याची जी कसोटी त्याने लावली ती सातवीतल्या मुलालाही वापरता येईल. ओळीतला शब्द काढा आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवा. अलंकार टिकला तर तो अर्थालंकार, नाहीसा झाला तर शब्दालंकार.

'विहीर'वर ही कसोटी लावू. 'दगडावरच्या दोरखुणा' या शब्दांत द आणि र ही अक्षरे परतपरत येतात आणि कानाला एक ठेका जाणवतो. हा अनुप्रास. आता 'पाषाणावरच्या रज्जूच्या खुणा' असे म्हणून पाहा. अर्थ तसूभरही बदलला नाही, पण तो ठेका गेला. यमकाचेही तेच. 'पाणी' आणि 'कहाणी' यांची जोडी आहे. 'पाणी'च्या जागी 'जल' ठेवले की जोडी तुटते.

सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे 'ओढ राहिली' हे दोन शब्द. ओढ म्हणजे दोर ओढताना लागणारा जोर, आणि ओढ म्हणजे मनाची आस. दोर कुजून गेला, तो ओढणारे हातही आता नाहीत, पण ओढ राहिली. दोन्ही अर्थ एकाच शब्दात एकाच वेळी हजर आहेत. हा श्लेष. इथे 'आस राहिली आतुन आत' असे लिहिले तर ओळ वाईट होत नाही. मात्रा तेवढ्याच राहतात, मध्यवर्ती कल्पनाही जशीच्या तशी राहते. फक्त दोराशी असलेला संबंध तुटतो आणि श्लेष उरत नाही. कवितेचा फोटो हरवला आणि कुणी फोनवर सांगितले, की 'शेवटी असे आहे, की दोर कुजला तरी विहिरीला अजून माणसांची आस आहे', तर ऐकणाऱ्याला आशय बरोबर कळेल. पण या कवितेत श्लेष आहे, हे त्याला जगातल्या कोणत्याही युक्तीने ओळखता येणार नाही. शब्दालंकार म्हणजे शब्दाला जडलेला अलंकार. शब्द हरवला की त्याचा मागही राहत नाही.

मग अर्थालंकार तरी सारांशावरून सांगता येतील, असे वाटेल. मम्मटाच्या कसोटीनुसार ते शब्द बदलूनही टिकतात. काही टिकतातही. विहीर वाट पाहते, हे कुणी कोणत्याही शब्दांत सांगितले तरी चेतनागुणोक्ती कळते, म्हणून तर आपण ती नुसत्या प्रश्नावरून ओळखू शकलो. मात्र इथेही थोडी सावधगिरी हवी. 'नळ गात राहिले' यात नळाला माणसाचे काम दिले आहे, म्हणून अलंकार आहे. पण आपण रोज बोलताना 'नळ आला', 'नळ गेला' म्हणतो, त्यात अलंकार नाही, ती भाषेची नेहमीची रीत आहे. कवितेचा गोषवारा सांगणाऱ्याने 'घरोघरी नळ आले आहेत' एवढेच सांगितले, तर तिथे चेतनागुणोक्ती होती हे समजत नाही. उलट गोषवारा सांगणाऱ्याच्याच बोलण्यातला एखादा लाक्षणिक शब्द कवितेचा समजून घेतला जातो, असेही होते.

अर्थालंकारांत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्यात. आपल्या पाच प्रश्नांतला दुसरा प्रश्न आठवा : 'खुणांना कशाची उपमा दिली आहे?' त्यावरून आपण उपमा अलंकार धरला होता. ओळीत काय आहे ते पाहा. 'जणु घट्ट्यांनी भरले हात.' दोराच्या खुणा हे उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते. घट्टे पडलेले हात हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. दोन्ही एकमेकांसारखी आहेत असे इथे म्हटलेले नाही. उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना केली आहे, आणि ती 'जणू' या शब्दाने सुचवली आहे. हा उत्प्रेक्षा अलंकार.

हीच गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येते. 'दोरखुणा घट्टे पडलेल्या हातांसारख्या आहेत' असे म्हटले तर ती उपमा, कारण 'सारख्या' हा साम्य दाखवणारा शब्द आला. 'जणू घट्टे पडलेले हात' म्हटले तर उत्प्रेक्षा. 'या दोरखुणा म्हणजे विहिरीच्या हातांचे घट्टेच' म्हटले तर रूपक, कारण दोन्ही एकच मानली. 'या दोराच्या खुणा नव्हेत, हे विहिरीच्या हातांचे घट्टे आहेत' म्हटले तर अपन्हुती, कारण उपमेय साफ नाकारले. आता या चारही ओळींचा गोषवारा आपण मराठीत कसा सांगू? चारही वेळा एकच : 'कवीने खुणांना घट्ट्यांची उपमा दिली आहे.' बोलताना 'उपमा देणे' हा प्रयोग आपण कोणत्याही तुलनेसाठी करतो आणि त्यात गैर काही नाही. पण ते ऐकून 'उपमा अलंकार' असे लिहिले, की उत्तर चुकण्याची शक्यता मोठी असते. प्रश्न काढणाऱ्यानेही 'उपमा दिली आहे' हे साध्या बोलीच्या अर्थानेच लिहिलेले असते. अर्थालंकार शब्द बदलला तरी टिकतो हे खरे, पण सारखा, जणू, च, नव्हे हे लहान शब्द बदलले तर तो टिकत नाही, दुसराच अलंकार होतो. आणि गोषवाऱ्यात पहिले गळतात ते हेच शब्द.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसता 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा आणि 'सारखा' दिसला की उपमा, असे यांत्रिकपणे ठरवणेही पुरेसे नाही. दंडी हा मम्मटाच्या बराच आधीचा आलंकारिक. त्याच्या 'काव्यादर्शा'त उत्प्रेक्षा सुचवणाऱ्या शब्दांची नोंद आहे आणि तिथे त्याने बजावले आहे, की संस्कृतातला 'इव' हा शब्द उपमेत येतो तसाच उत्प्रेक्षेतही येतो. म्हणून शब्द हा पुरावा आहे, पण निर्णय ओळीच्या अर्थावरून करायचा. दोन गोष्टींतले सारखेपण दाखवायचे आहे, की एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना करायची आहे, हे पाहायचे. त्यासाठीही ओळ समोर लागतेच. 'जणू' नाही पण उत्प्रेक्षा आहे, अशाही जागा असतात, आणि त्या तर कुणाच्या सांगण्यावरून ओळखणे अशक्यच.

'तहान घेउन आकाशाची' ही शेवटची ओळ अशीच अवघड आहे. आकाश पाऊस देणारे, आणि इथे तेच तहानलेले दाखवले आहे. कुणी याला विरोधाभास म्हणेल. चांदणे तहान घेऊन उतरते म्हणून कुणी चेतनागुणोक्ती म्हणेल. माझ्या मते चेतनागुणोक्ती अधिक ठाम आहे, कारण विरोधाभासात विरोध वरवरचा असून विचार केल्यावर मिटावा लागतो, आणि इथे तो मिटेलच असे नाही. पण ओळ समोर असल्यामुळे हा मतभेद करता तरी येतो. ओळीशिवाय तो कशावर करणार?

आतापर्यंत आपण गोषवारा शिल्लक आणि शब्द गायब, अशी स्थिती पाहिली. याच्या नेमकी उलट स्थितीही साहित्याच्या इतिहासात आहे आणि तीही फार शिकवून जाते. नवव्या शतकात काश्मीरच्या अवंतिवर्मा राजाच्या काळात आनंदवर्धन हा थोर काव्यमीमांसक होऊन गेला. 'ध्वन्यालोक' हा त्याचा ग्रंथ. त्याने 'विषमबाणलीला' नावाचे प्राकृत काव्यही लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. त्यातले काही श्लोक उरले, ते त्याने स्वतःच 'ध्वन्यालोका'त उदाहरणे म्हणून दिले म्हणून. त्यांपैकी एका श्लोकाचा आशय असा, की रसिकांनी गुण जाणले की गुण हे गुण होतात, आणि सूर्यकिरणांनी अनुग्रह केला की कमळे ही कमळे होतात. यातला दुसऱ्यांदा आलेला 'कमळे' हा शब्द नुसते फूल सांगत नाही. शोभा, उमललेपण, कमळाला कमळपण देणारे सारे काही त्यात भरलेले आहे. शब्दाचा वाच्यार्थ दुसऱ्या अर्थात कसा संक्रमित होतो, हे दाखवायला आनंदवर्धनाने तो श्लोक घेतला.

म्हणजे स्थिती अशी आहे. संपूर्ण काव्य हरवले आहे, पण एका श्लोकातला एक शब्द दोनदा का आला याबद्दल अकराशे वर्षांनंतरही आपण नेमके बोलू शकतो, कारण तो शब्द शिल्लक आहे. संपूर्ण काव्याची मध्यवर्ती कल्पना काय होती, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही. विषमबाण म्हणजे मदन, ज्याच्या बाणांची संख्या विषम म्हणजे पाच आहे तो. नावावरून विषय कळतो : मदनाची लीला. पण त्या लीलेबद्दल कवीला काय म्हणायचे होते, काव्याचा शेवट कुठे झाला, हे नावात नाही. 'विहीर' या नावात तुडुंब पाणी नव्हते, तसेच हे.

फोटो उघडत नसेल तर मूळ शब्द मिळवणे हेच पहिले काम. त्यासाठी कवितेच्या नावापेक्षा तिची पहिली ओळ अधिक उपयोगी पडते. मराठी माणसाला कविता बहुधा पहिल्या ओळीने आठवते, आणि कित्येक संग्रहांच्या शेवटी पहिल्या ओळींची सूचीही असते. सध्याच्या पाठ्यपुस्तकांतली कविता असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात, फक्त इयत्ता आणि माध्यम माहीत हवे. आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीतल्या पुस्तकांतली असेल तर 'आठवणीतल्या कविता' या संकलनाचे भाग आधी चाळावेत. तेही हाताशी नसेल आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे पुस्तक असेल, तर त्याच्याकडून ओळी टंकून घ्याव्यात किंवा फोनवर हळू वाचून घ्याव्यात. वाचणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगायची : अर्थ सांगू नका, शब्द सांगा, आणि ओळ कुठे संपते तेही सांगा. कुठे ओळ मोडली हे कळले नाही, तर यमक सापडत नाही. 'जणू', 'परी', 'च', 'नव्हे', 'तरी' असे शब्द ऐकू आले की ते पुन्हा विचारून पक्के करून घ्यावेत.

काहीच मिळाले नाही तरी उत्तर अगदी कोरे ठेवावे लागत नाही. 'विहीर'च्या बाबतीत नुसत्या प्रश्नांवरून एवढे लिहिता आले असते : 'कवितेचा विषय विहीर आहे. ती वाट पाहते असे प्रश्नात म्हटले आहे, त्यावरून चेतनागुणोक्ती असावी. खुणांची कशाशी तरी तुलना आहे, पण ती उपमा, उत्प्रेक्षा की रूपक हे ओळ पाहिल्याशिवाय ठरणार नाही. कवितेला यमक आहे. मध्यवर्ती कल्पना कविता वाचून सांगतो.' हे उत्तर लहान आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि विचारणाऱ्याला पुढे कोणती ओळ पाठवायची हेही त्यातून कळते. याउलट कविता न पाहता लिहिलेले उत्तर ओळखणे सोपे असते. त्यात अलंकारांची नावे असतात, पण एकाही नावापुढे ओळ नसते. मध्यवर्ती कल्पनेतले वाक्य असे असते, की कवितेचे नाव बदलून तेच वाक्य दुसऱ्या दहा कवितांना लावता येते : 'कवीने अतिशय साध्या शब्दांत जीवनाचे वास्तव मांडले आहे.' मार्गदर्शक पुस्तकांतल्या उत्तरांनाही हीच कसोटी लावून पाहावी. 'या कवितेत अनुप्रास, यमक, उपमा आदी अलंकार आले आहेत' असे वाक्य दिसले, की त्यातला 'आदी' शब्द काढायला सांगावा आणि प्रत्येक नावापुढे एकेक ओळ मागावी.

कविता सापडली म्हणजे काम संपले असेही नसते. पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा कवितेतली काही कडवीच घेतलेली असतात. संग्रहातली कविता लांब असते आणि पुस्तकातली आटोपशीर. प्रश्न कोणत्या पाठावर विचारला आहे, त्यानुसार उत्तर बदलू शकते. 'विहीर'चे पहिले दोनच तुकडे एखाद्या पुस्तकात घेतले असे समजा. कविता 'ओढ राहिली आतुन आत' इथे संपते. मग मध्यवर्ती कल्पना अशी होते : गावाने टाकून दिलेल्या विहिरीची न संपलेली माया. तिसऱ्या तुकड्यासह मात्र ती बदलते. तिथे माणसे येत नाहीत, पण चांदणे येते, आणि ते तहान घेऊन येते. विहिरीला घेणारा मिळतो, फक्त तो माणूस नसतो. दोन तुकड्यांच्या कवितेला 'परित्यक्त' म्हणता येईल, तीन तुकड्यांच्या कवितेला नाही. 'वाट पाहते' हा प्रश्न आणि त्यातली चेतनागुणोक्ती तर तिसऱ्याच तुकड्यातली आहे, म्हणजे आपल्या पाच प्रश्नांपैकी पहिला प्रश्न दोन तुकड्यांच्या पाठावर विचारताच आला नसता. असा प्रश्न हाती असेल आणि सापडलेल्या कवितेत त्याचे उत्तर नसेल, तर उत्तर शोधण्याआधी हे कवितेचे पूर्ण पाठ आहे ना, ते तपासावे.